मुख्याध्यापकांच्या वर्गफेऱ्या वाढल्या, तरी निकाल का हलत नाही?

खडूफळा

शैक्षणिक नेतृत्वाबद्दल एक नेमका प्रश्न आहे. शाळेत 24 शिक्षक. मुख्याध्यापकांनी ठरवलं की ऑफिसात कमी बसायचं आणि वर्गांत जास्त जायचं. रोज दोन तास फेरी. एका वर्गात चार-पाच मिनिटं उभं राहायचं, हातातल्या 20 मुद्द्यांच्या तक्त्यावर खुणा करायच्या आणि पुढच्या वर्गाकडे जायचं. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक शिक्षकाला त्याच्या तक्त्याची प्रत मिळते.

सहा महिने हे नियमाने चाललं. निकाल होता तिथेच आहे आणि स्टाफरूममध्ये मोकळं बोलणं कमी झालंय. मुख्याध्यापक मनापासून करतायत, यात शंका नाही. मग फेऱ्या अजून वाढवायला हव्यात, की पद्धतच चुकते आहे? आणि पद्धत चुकत असेल तर ते वार्षिक निकालाची वाट न बघता कसं ओळखायचं?

दीपस्तंभ

पद्धत चुकते आहे. फेऱ्या वाढवल्या तर नुकसानच वाढेल.

याच प्रश्नावर एक चांगला अभ्यास आहे. ग्रिसम, लोब आणि मास्टर यांनी अमेरिकेतल्या मायामी-डेडमधल्या सुमारे 100 शाळांच्या मुख्याध्यापकांमागे निरीक्षक पाठवले आणि दिवसभरात कोण काय करतं याची नोंद तीन वेगवेगळ्या वर्षी घेतली. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. ‘शिकवण्याशी संबंधित’ कामांना दिलेला एकूण वेळ आणि मुलांची प्रगती यांचा संबंध दिसलाच नाही. तोच वेळ तोडून पाहिला तेव्हा चित्र उलगडलं. शिक्षकाबरोबर बसून त्याच्या अध्यापनावर काम करणं, मूल्यमापन आणि अभ्यासक्रमाची आखणी, यांना वेळ देणाऱ्या शाळांत प्रगती जास्त होती. नुसत्या धावत्या फेऱ्यांना जास्त वेळ देणाऱ्या शाळांत ती कमी होती, आणि मोठ्या मुलांच्या शाळांत हे जास्त ठळक होतं.

फेरीत विष नाही. फेरीनंतर काहीच होत नाही, ही अडचण आहे. चार मिनिटांत दिसतं ते वरवरचं असतं: फळा नीट आहे का, मुलं शांत आहेत का, शिक्षक उभा आहे का. तक्त्यावर तेच उतरतं. शिक्षकाला आठवड्यानंतर कागद मिळतो तेव्हा तो तास त्याच्या डोक्यातून गेलेला असतो, आणि ‘विद्यार्थी सहभाग: मध्यम’ वाचून उद्या सकाळी काय वेगळं करायचं हे त्याला कळत नाही. एवढंच कळतं की कोणीतरी आपल्याला मध्यम म्हटलं.

शिस्तप्रिय

तक्ता काढून टाकू नका. मूळ अडचण टाचणवहीत असते. दर सोमवारी सगळ्यांच्या टाचणवह्या टेबलावर हव्यात, सही झाल्याशिवाय वर्गात जायचं नाही. टाचण नीट असेल तर तास नीट होतो. निकाल आपोआप येईल.

खडूफळा

शिस्तप्रिय, टाचणवह्या दर सोमवारी तपासल्या जातातच, आणि भरलेल्या असतात. प्रश्न तपासणी वाढवण्याचा नाहीये, वर्ग पाहिल्यानंतर पुढे काय करायचं याचा आहे.

दीपस्तंभ

टाचणाबद्दल एकच सांगतो. त्यात शिक्षक काय करणार ते लिहिलेलं असतं. मुलं कुठे अडखळणार ते क्वचितच. ‘या घटकात मुलं हमखास कोणती चूक करतील आणि ती दिसली तर मी काय विचारीन’ अशा दोन ओळी टाचणात असतील तर त्यावर मुख्याध्यापकाने बोलण्यासारखं काहीतरी आहे. बाकी 24 वह्यांवर सह्या करण्यात सोमवारची सकाळ जाते, आणि तोच वेळ दोन तास नीट पाहायला मिळाला असता.

तराजू

दीपस्तंभ, अभ्यास योग्य सांगितलात, पण जरा जपून. हे सहसंबंध आहेत. शाळा आधीच अडचणीत असल्यामुळे मुख्याध्यापक जास्त फेऱ्या मारत असतील, असंही असू शकतं. मग फेऱ्यांमुळे प्रगती कमी झाली, असं म्हणता येणार नाही.

तोच प्रकार रॉबिन्सन, लॉइड आणि रो यांनी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या 2008 च्या संकलनाचा. शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापक स्वतः सहभागी होतो, त्याचा मुलांच्या निकालाशी सर्वांत मोठा संबंध दिसतो, परिणाम 0.84 प्रमाण विचलन, हे वाक्य सगळ्या प्रशिक्षणांत ऐकायला मिळतं. पण नेतृत्वाचे पाच प्रकार वेगळे करून केलेल्या त्या तुलनेत 12 च अभ्यास होते. तो आकडा दिशा दाखवतो. ‘एवढं करा, एवढे गुण वाढतील’ असा तो नाही.

दीपस्तंभ

मान्य. ग्रिसम यांनी सोबत मुलाखती आणि सर्वेक्षणही घेतलं होतं आणि स्वतःच म्हटलंय की फेऱ्या सुधारणेच्या कुठल्याच मोठ्या आखणीला जोडलेल्या नसतात, हे कारण असावं. ‘असावं’ एवढंच. 0.84 वर मीही घर बांधणार नाही. पण दोन्हीकडून दिशा एकच दिसते: बघण्याने नाही, बघितल्यावर शिक्षकासोबत केलेल्या कामाने फरक पडतो.

आता पद्धत. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण प्रसंग कुठल्याही शाळेतला आहे.

सातवीचा वर्ग, 40 मुलं, भिन्नछेदी अपूर्णांकांची बेरीज. मुख्याध्यापक मागच्या बाकावर 20 मिनिटं बसतात. तक्ता नाही. कागदावर वर्गाची बैठक काढलेली, चौकोन-चौकोन, आणि शिक्षकाने प्रश्न विचारला की ज्याने उत्तर दिलं त्याच्या चौकोनात एक रेघ. 20 मिनिटांत 11 प्रश्न, त्यांतल्या 9 प्रश्नांना उत्तर देणारी पहिल्या दोन बाकांवरची तीच चार मुलं. प्रश्न आणि पहिलं उत्तर यांत जेमतेम एक सेकंद. तास संपताना शिक्षकाने मुलांकडून चिठ्ठीवर एकच गणित सोडवून घेतलं: 2/5 + 1/3. बरोबर (11/15) 15 मुलांचं. 16 मुलांनी 3/8 लिहिलं, म्हणजे वरचे वर मिळवले, खालचे खाली. उरलेल्या 9 चिठ्ठ्या कोऱ्या किंवा भलत्याच.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी 20 मिनिटांचं बोलणं. रेघांचा कागद आणि चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे टेबलावर. पहिला प्रश्न शिक्षकाला: ‘हे बघून काय वाटतं?’ बहुतेक शिक्षक 3/8 चा गठ्ठा उचलतात. ‘वर्गात तर सगळे हो हो म्हणत होते.’ मग मुख्याध्यापक विचारतात, ही 16 मुलं तास चालू असतानाच दिसली असती तर? इथून एकच बदल ठरतो, एकच: समजावून सांगण्याआधी सगळ्यांनी एक गणित वहीत करायचं, 90 सेकंद, तेवढ्यात शिक्षकाने ठरलेल्या वाटेने बाकांमधून फिरायचं आणि फक्त 3/8 सारखं उत्तर कुठे आहे ते बघायचं. बाकी काही दुरुस्त करत बसायचं नाही.

आणि जे सर्वांत जास्त वेळा गाळलं जातं ते: तिथल्या तिथे सराव. शिक्षक उभा राहतो, गणित फळ्यावर लिहितो, वाट चालून दाखवतो, चुकीचं उत्तर दिसल्यावर कोणत्या शब्दांत विचारणार ते म्हणून बघतो. दहा मिनिटं पुरतात. मग आठवड्याच्या आत मुख्याध्यापक पुन्हा 10 मिनिटं वर्गात, फक्त तेवढाच बदल बघायला.

पाच सूचना दिल्या की शिक्षक सगळ्यांत सोपी निवडतो, आणि ती बहुधा सगळ्यांत बिनमहत्त्वाची असते.

अपूर्णांक

सातवी-आठवीला गणित शिकवणारी. उदाहरण ओळखीचं आहे, पण त्यात एक खाच आहे. 3/8 लिहिणाऱ्या मुलाला काय विचारणार? ‘3/8 हे 2/5 पेक्षा लहान आहे, मग मिळवल्यावर कमी कसं झालं?’ हा प्रश्न बरोबर आहे, पण 3/8 आणि 2/5 यांत लहान कोण हे ठरवायला समान छेद लागतो: 15/40 आणि 16/40. ज्याला समान छेद करता येत नाही त्यालाच आपण समान छेद करून चूक ओळखायला सांगतोय.

त्यापेक्षा 1/2 + 1/3 द्या. चूक करणारा 2/5 लिहितो. पाचातले दोन म्हणजे निम्म्याहून कमी, हे मूल कागदाची पट्टी दुमडून बघू शकतं. अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं, हे त्याचं त्यालाच खटकतं. मग छेद समान का करायचा याची गरज निर्माण होते. ‘लसावि काढा’ हे त्यानंतर.

म्हणून मला वाटतं, गणित न शिकवलेले मुख्याध्यापक रेघांपर्यंत पोहोचतील, पण या ठिकाणी अडतील. शिक्षकाला ते लगेच कळतं, आणि मग पुढच्या बोलण्यात तो नुसता मान डोलावतो.

दीपस्तंभ

तुमची दुरुस्ती उदाहरणापेक्षा चांगली आहे. 1/2 + 1/3 च घ्यायला हवं होतं.

विषय येत नसेल तर मुख्याध्यापकाला दोन गोष्टी करता येतात. मुलांच्या चुका गोळा करून आणायच्या आणि त्यांचा अर्थ शिक्षकालाच लावू द्यायचा. नाहीतर त्या बोलण्याला विषयातल्या दुसऱ्या शिक्षकाला तिसरा म्हणून बसवायचं. विषय येत असल्याचा आव आणला की तुम्ही म्हणता तसं मान डोलावणं सुरू होतं.

खडूफळा

हे पटतंय. पण वेळ कुठून आणायचा? 24 जणांबरोबर एवढं शक्य आहे का?

वेळापत्रक

हिशेब करून टाकू. 20 मिनिटं बघणं, 5 मिनिटं नोंदी नीट करणं, 20 मिनिटं बोलणं (सराव त्यातच). एका शिक्षकामागे 45 मिनिटं. 24 जणांना 1080 मिनिटं, म्हणजे 18 तास. दर दोन आठवड्यांनी सगळ्यांची एक पाळी करायची तर 12 कामाच्या दिवसांत रोज दीड तास. आत्ता फेरीवर रोज दोन तास जातातच, तेव्हा कागदावर हे बसतं.

प्रत्यक्षात एकट्याकडून होत नाही. पालक येतात, कोणी रजेवर जातं, ऑफिसातून बोलावणं येतं. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांनी आठ-आठ जण वाटून घेतले तर प्रत्येकाला दोन आठवड्यांत 6 तास, रोज अर्धा तास. आठवड्याच्या आतली ती 10 मिनिटांची पुन्हा भेट धरली तर आणखी 80 मिनिटं, रोज सहा-सात मिनिटं. हे टिकतं.

दोन गोष्टींवर गाडी अडते. बोलण्याची वेळ आधी ठरवत नाहीत, ‘मोकळा तास मिळाला की भेटू’ म्हणतात. तो मोकळा तास बदली तासात जातो आणि बोलणं राहून जातं. म्हणून वेळापत्रकात आधी बोलण्याची जागा भरायची, मग त्यावरून मागे येत बघण्याचा तास ठरवायचा. दुसरं, तिघं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणतो गटात बसवा, दुसरा म्हणतो गट मोडा. आठवड्यातून एकदा तिघांनी अर्धा तास बसून एकच वर्ग एकत्र बघितला, तर हे बरंच आवरतं.

मोकळा श्वास

मला हे सगळंच जास्त वाटतं. शिक्षक कंटाळलाय तो त्याच्यामागे कोणीतरी सारखं असतं म्हणून. चांगल्या मुख्याध्यापकाने अहवाल, माहित्या, बैठका यांपासून शिक्षकाला वाचवावं आणि वर्गात त्याला एकटं सोडावं. मनोबल आपोआप वाढेल, आणि मनोबल वाढलं की निकालही.

दीपस्तंभ

पहिलं अर्धं अगदी खरं. तास चालू असताना माहिती मागायला शिपाई पाठवायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी शिक्षकाला महिन्याभरात फरक जाणवतो. रॉबिन्सन यांच्या पाच प्रकारांत सुव्यवस्थित वातावरण हा एक प्रकार आहेच.

दुसऱ्या अर्ध्याशी मी सहमत नाही. एकटं सोडलेला शिक्षक खूश असतोच असं नाही. नवीन शिक्षक वर्षभर चुकत राहतो आणि आपलंच काहीतरी कमी आहे असं धरून बसतो. जुना शिक्षक चांगलं करत असतो आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. मनोबल वाढलं म्हणून निकाल वाढतो, तसा उलटाही रस्ता आहे: ते 3/8 वाले 16 जण पुढच्या वेळी 7 वर आले हे शिक्षकाने स्वतःच्या हाताने मोजलं, की त्याला वर्गात जायला बरं वाटतं.

तराजू

इथे क्लुगर आणि डिनिसी यांचं 1996 चं संकलन आठवतं. शाळांपुरतं नाही, सगळ्याच क्षेत्रांतल्या अभिप्रायांवरचं आहे. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय दिल्यावर काम आणखी बिघडलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्रायाने लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं, ‘मी कसा आहे’ याकडे गेलं, की परिणाम घसरतो.

‘तुमचा वर्गावर ताबा नाही’ हे वाक्य माणसाबद्दल आहे. ‘11 पैकी 9 उत्तरं या चार मुलांची’ हे वर्गाबद्दल. तक्त्यातल्या खुणा जवळजवळ सगळ्या पहिल्या जातीच्या असतात. स्तुतीचंही तेच. सगळ्यांसमोर ‘यांच्याकडून शिका’ म्हटलं की उरलेले 23 जण तुलनेत जातात.

खडूफळा

तो तक्ता वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलीत लागतो, हे सांगायचं राहिलं.

वेळापत्रक

मग स्टाफरूममधल्या शांततेचं कारण तिथेच आहे. ज्या कागदाने माझं वर्षाचं मूल्यमापन होणार, त्याच्यासमोर मी अडचण कशाला दाखवू? मी जमणाराच धडा घेईन, मागच्या वर्षीचा पाठ केलेला.

दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात, त्याला बहुतेक शाळांत इलाज नाही. पण कागद वेगळे ठेवता येतात. मदतीच्या भेटीची नोंद शिक्षकाच्याच वहीत राहील, मुख्याध्यापकाकडे फक्त तारीख आणि ठरलेला बदल. मूल्यमापनाची भेट वेगळी, आधी कळवलेली, वर्षातून ठरलेल्या वेळा. हे वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगायचं आणि एकदाही मोडायचं नाही. एकदा मोडलं की पुन्हा विश्वास बसायला वर्षं जातात.

अपूर्णांक

वेगळे कागद ठेवून माणूस वेगळा होतो का? मला शंका आहे. जे डोळ्यांनी बघितलं ते मूल्यमापन लिहिताना कोण विसरतं? माझ्या मते मदतीचं काम विषयातल्या ज्येष्ठ शिक्षकाकडेच द्यावं, आणि मुख्याध्यापकाने त्याच्या तासिका कमी करून द्याव्यात. तेही नेतृत्वच झालं.

दीपस्तंभ

त्याच्या बाजूने पुरावा आहे. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी 2018 मध्ये शिक्षकाला प्रत्यक्ष वर्गातल्या कामावर मार्गदर्शन देण्याचे 60 अभ्यास एकत्र केले. शिकवण्यात बरीच सुधारणा दिसली, सुमारे 0.49 प्रमाण विचलन. मुलांच्या निकालात त्याहून बरीच कमी, 0.18. कार्यक्रम मोठे झाले, शिक्षक संख्येने वाढले, तसा परिणाम आणखी घटला. म्हणजे शिकवणं सुधारलं तरी निकाल उशिरा आणि थोडा हलतो, हे आधीच धरून चालावं. पण हे अभ्यास मार्गदर्शकांचे आहेत. मुख्याध्यापकाने मार्गदर्शन केलं तर तेवढंच होईल का, हे त्यातून निघत नाही.

माझी धास्ती वेगळी आहे. सगळं ज्येष्ठ शिक्षकाकडे दिलं की मुख्याध्यापकाला वर्गात काय चाललंय हेच कळेनासं होतं, आणि मग वेळापत्रक, साहित्य, बदली तास यांचे निर्णय अंदाजाने होतात. आठातले निदान तीन-चार शिक्षक त्याने स्वतःकडे ठेवावेत असं मला वाटतं. तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

खडूफळा

ओळखायचं कसं, हे राहिलंच. वार्षिक निकालाची वाट बघायची नाही म्हटलं तर काय मोजायचं?

तराजू

वर्गाची सरासरी मोजू नका. पेपर सोपा-अवघड होतो. 40 च्या वर्गात चार मुलं इकडची तिकडे झाली की उत्तीर्णांचं प्रमाण 10 टक्क्यांनी हलतं. त्यावर बैठक बोलावण्यात अर्थ नाही. एका चुकीचा माग ठेवा. वरचंच उदाहरण: दोन आठवड्यांनी त्याच जातीचं गणित, 1/4 + 2/3. समजा 24 जणांचं बरोबर (11/12), 7 जणांनी 3/7 लिहिलं आणि 9 चिठ्ठ्या पुन्हा कोऱ्या किंवा भलत्या. 16 वरून 7, म्हणजे बदल कामाला आला. पण 9 चे 9 च राहिले. ती मुलं वेगळ्या ठिकाणी अडली आहेत, बहुधा सममूल्य अपूर्णांकांत किंवा पाढ्यांत, आणि बाकांमधून कितीही फिरलं तरी ती हलणार नाहीत. पुढच्या बोलण्याचा विषय ती नऊ मुलं. महिनाभराने तीच चिठ्ठी पुन्हा द्या, कारण दोन आठवड्यांत सुधारलेलं विसरलंही जातं.

वेळापत्रक

मनोबलासाठी प्रश्नावली काढू नका, निदान आत्ता नाही. मूल्यमापनाची भीती असताना सगळे ‘समाधानी’वर खूण करतात. वागणं बघा. मुख्याध्यापक आत आल्यावर शिक्षक चालू असलेलं सोडून दुसरंच सुरू करतो का? बोलण्यात पहिली दहा मिनिटं कोण बोलतं? आणि सर्वांत खात्रीची खूण: ‘उद्या अवघड घटक आहे, बघायला या’ असं कोणी स्वतःहून म्हणतं का. 24 पैकी दोघं-तिघं म्हणू लागले तरी वारं फिरलंय.

खडूफळा

मुख्याध्यापकांशी बोलून तक्ता मूल्यमापनाच्या फाइलीतून काढता येईल का ते बघतो. सुरुवात सगळ्यांपासून न करता चार स्वेच्छेने येणाऱ्यांपासून करावी, असा विचार आहे. की त्याने ‘खास चौघे’ असा गट पडेल?

अपूर्णांक

पडू शकतो. चौघांत एक तरी असा घ्या ज्याला सगळे उत्तम शिक्षक मानतात, म्हणजे हे कच्च्यांसाठी आहे असं कोणी समजणार नाही. आणि पहिला तास मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावा. त्या चौघांनी मागे बसून रेघा ओढाव्यात आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवावेत.